पावसाच्या शीटमध्ये ‘सर्वाधिक कुठे’ हा रकाना टाकण्याआधी

गेल्या पावसाळ्यात मी सलग नऊ दिवस गल्लीच्या ग्रुपवर चुकीचं ठिकाण टाकत होतो. आमची गल्ली सांगलीत नदीच्या बाजूला. पाऊस लागला की आयर्विन पुलाची पातळी आणि वरचा पाऊस, या दोनच गोष्टी इथं विचारल्या जातात. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका, हे पोरंही सांगतात. मी रोज सकाळी सहा ठिकाणचे आकडे एक्सेलमध्ये भरायचो आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी सर्वांत जास्त पाऊस कुठं झाला ते नाव आपोआप यायचं. नवव्या दिवशी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले शेजारचे अण्णा दारात येऊन म्हणाले, “काय रे, नवजा कोरडंच आहे काय यंदा? एकदाही नाव नाही तुझ्या यादीत.”

नवजा कोरडं नव्हतं. माझं शीट आंधळं होतं. यंदा पुन्हा भरायला बसण्याआधी ही तयारी लिहून ठेवतोय.

मांडणीवर फार वेळ घालवू नका. पहिल्या ओळीत हेडिंग, A रकान्यात तारीख, B पासून G पर्यंत ठिकाणं. माझा क्रम कोयना, नवजा, महाबळेश्वर, धोम, कण्हेर, वारणा. वर ‘पाणलोट क्षेत्रातील पाऊस’ असं मोठं शीर्षक सेल मर्ज करून टाकायचा मोह होतो. टाकायचंच असेल तर हेडिंगची ओळ दुसरी होईल, फॉर्म्युल्यातही ती दुसरीच द्या. मर्ज केलेल्या ओळीतून नाव मागितलंत तर मर्जमधल्या पहिल्या रकान्याला ते शीर्षक येतं आणि बाकी सगळ्यांना 0.

आता आकडे. इथं थांबा. इथंच मी गेलो.

आकडा हा आकडाच आहे का, की आकड्यासारखा दिसणारा मजकूर आहे, हे फॉर्म्युला लिहिण्याआधी बघा. माझा मावसभाऊ पाटण तालुक्यात असतो. नवजाचा आकडा तो पाठवायचा, “212 मिमी” असा, आणि मी तो उचलून तसाच सेलमध्ये चिकटवायचो. बाकीच्या पाच ठिकाणचे आकडे मी हातानं टाकायचो, ते नुसते आकडे होते. म्हणजे पहिल्या दिवसाची ओळ अशी होती:

```
164 | 212 मिमी | 187 | 38 | 45 | 96
```

माणसाला यात सर्वांत मोठा आकडा 212 दिसतो. MAX ला रेंजमधला मजकूर दिसतच नाही. तो तक्रार करत नाही, लाल होत नाही, #VALUE! देत नाही. तो नवजाचा सेल ओलांडून पुढं जातो आणि 187 देतो. मग MATCH बिचारा 187 शोधतो, तो तिसऱ्या जागी सापडतो, INDEX हेडिंगच्या ओळीतलं तिसरं नाव काढून देतो: महाबळेश्वर. तिन्ही फंक्शनांनी आपापलं काम चोख केलं आणि उत्तर चुकलं. नवजाचा आकडा बहुतेक वेळा वरच असतो, त्यामुळं जो रकाना जिंकायचा तोच रोज बाद होत होता.

आणि मला ते दिसलं का नाही? कारण शीट देखणं व्हावं म्हणून मी सगळे सेल मध्यभागी घेतले होते. एक्सेल मुळात आकडे उजवीकडं आणि मजकूर डावीकडं लावतो. ती फुकटची खूण मी स्वतःच्या हातानं पुसली. तेव्हा सजावट नंतर. भरून, तपासून झाल्यावर काय ते मध्यभागी घ्या.

‘मिमी’ काढलं म्हणजे झालं, असंही नाही. सेलचं फॉरमॅट Text असेल तर त्यात टाकलेलं साधं 212 सुद्धा मजकूरच राहतं. नंतर फॉरमॅट बदलून Number केलं तरी आत आधीच बसलेला मजकूर तसाच राहतो, पुन्हा टाइप करेपर्यंत. आणि इथं आणखी एक फसवणूक आहे. ‘मिमी’ काढल्यावर खात्री करायला मी `=C2+1` लिहून बघितलं. 213 आलं. झालं, आकडाच आहे म्हणून मी निर्धास्त. पण बेरजेच्या चिन्हापाशी एक्सेल मजकुरातल्या आकड्याला समजून घेतो, MAX आणि SUM रेंज वाचताना घेत नाहीत. तेव्हा अधिक एक करून बघणं ही तपासणीच नव्हे. तपासणी ही:

```
=COUNT(B2:G2)
```

COUNT फक्त खरे आकडे मोजतो. ठिकाणं सहा, तर उत्तर 6 आलं पाहिजे. पाच आलं की एक सेल खोटा आहे. सगळ्या ओळींवर हे ओढा आणि 6 सोडून काही दिसतंय का ते बघा. माझ्या शीटमध्ये नऊच्या नऊ ओळींना 5 होतं. एवढं एक काम पहिल्या दिवशी केलं असतं तर अण्णांना जिना चढून यावं लागलं नसतं.

दुरुस्ती अशी: आधी तो एक रकाना निवडा, Ctrl+H दाबून ‘ मिमी’ हे अलीकडच्या स्पेससकट शोधा, बदलून काहीच नको, Replace All. मग तोच रकाना निवडलेला असताना Data मध्ये Text to Columns उघडा आणि पुढचं काही न विचारता Finish दाबा. राहिलेला मजकूर आकडा होतो. हे एका वेळी एकाच रकान्याला चालतं, सगळे एकदम निवडू नका. मग पुन्हा COUNT बघा. हो, पुन्हा.

सरकारी तक्त्यातून आकडे उचलत असाल तर आणखी एक शब्द सांभाळा: निरंक. पाऊस नसला की तिथं ‘निरंक’ किंवा नुसती आडवी रेघ असते. तोही मजकूरच. तिथं 0 टाका. पण आकडाच आलेला नसेल तर 0 टाकू नका, सेल रिकामा ठेवा. पाऊस झाला नाही आणि माहिती मिळाली नाही, यात फरक आहे, आणि नदीकाठी तो फरक महागात पडतो.

एवढं झालं की फॉर्म्युला. तो लहानसाच आहे:

```
=INDEX($B$1:$G$1,MATCH(MAX(B2:G2),B2:G2,0))
```

आतून बाहेर वाचा. MAX ओळीतला सर्वांत मोठा आकडा काढतो. MATCH तो ओळीत कितव्या जागी आहे ते सांगतो. INDEX हेडिंगमधलं त्याच जागचं नाव देतो. दुरुस्त केलेल्या ओळीत 212, दुसरी जागा, नवजा.

शेवटचा तो शून्य गाळू नका. गाळला तर एक्सेल समजतो की आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावलेले आहेत, आणि त्या समजुतीवर शोधतो. तो सगळी घरं बघत नाही, मधून उड्या मारतो. वरच्या ओळीत तो थांबतो त्या प्रत्येक ठिकाणी त्याला 212 पेक्षा लहान आकडाच भेटतो, म्हणून तो उजवीकडं सरकत शेवटच्या रकान्याला जाऊन टेकतो आणि तुम्हाला ‘वारणा’ देतो. रोज शेवटचंच नाव येतंय असं वाटलं तर आधी शून्य शोधा.

डॉलरचं चिन्ह हेडिंगला हवं, आकड्यांच्या ओळीला नको. हेडिंगचे डॉलर विसरलात तर पहिली ओळ बरोबर येते, आणि खाली ओढल्यावर नावांच्या जागी आकडे यायला लागतात, कारण हेडिंगही एकेक ओळ खाली घसरतं. ही चूक निदान डोळ्याला दिसते. आणि दोन्ही रेंज एकाच रकान्यापासून सुरू करा. हेडिंग A पासून आणि आकडे B पासून घेतलेत तर प्रत्येक उत्तर एक घर डावीकडचं येईल, आणि नाव दिसायला अगदी खरं वाटेल.

H मध्ये ‘एकूण’ असेल तर रेंज G वर थांबवा. नाहीतर रोज सर्वाधिक पाऊस ‘एकूण’ या गावी.

बरोबरीचं काय? कोयना 120, महाबळेश्वर 120 असं झालं तर MATCH पहिलं सापडलेलं नाव देतो आणि गप्प बसतो. म्हणजे रकान्यांच्या क्रमानं निकाल लागतो. मी शेजारी एक रकाना ठेवलाय:

```
=COUNTIF(B2:G2,MAX(B2:G2))
```

1 पेक्षा जास्त आला की दुसरं नाव हातानं लिहितो. एका सेलमध्ये सगळी नावं आणायला TEXTJOIN आहे, पण ते 2019 च्या आधीच्या एक्सेलमध्ये नाही, आणि माझ्या घरचा कॉम्प्युटर त्याहून जुना आहे.

उघडिपीच्या दिवशी सगळीकडं 0 असलं की उत्तर येतं ‘कोयना’, कारण सर्वांत मोठा आकडा 0 आणि तो पहिल्याच घरात सापडतो. ओळ पूर्ण रिकामी असेल तर #N/A. दोन्ही आणि वरची COUNT ची कटकटही एकात बसवून टाकली:

```
=IF(COUNT(B2:G2)<6,"आकडे तपासा",
 IF(MAX(B2:G2)=0,"पाऊस नाही",
 INDEX($B$1:$G$1,MATCH(MAX(B2:G2),B2:G2,0))))
```

तो 6 तुमच्या ठिकाणांच्या संख्येप्रमाणं बदला. सातवं ठिकाण वाढवलंत तर रेंजही वाढवा आणि 6 चा 7 करा, दोन्ही. एखाद्या दिवशी एका ठिकाणचा आकडा खरोखरच आला नाही तर हा फॉर्म्युला नाव द्यायला नकार देईल. देऊ दे नकार. मी त्या दिवशी ग्रुपवर ‘धोमचा आकडा बाकी’ असं लिहितो.

गुगल शीटमध्ये हेच चालतं, फक्त Text to Columns तिथं वेगळं आहे. रकाना लपवला तरी तो मोजला जातो. ओळीत कुठं #N/A असेल तर लहान फॉर्म्युल्याचं उत्तरही #N/A, शेवटच्या मोठ्याचं ‘आकडे तपासा’. फ्रीझ पेन, रंग, बॉर्डर तुमचं तुम्ही बघा.

मावसभावाला फोन करून सांगितलंय, नुसता आकडा पाठव, मिमी लिहू नकोस. तो म्हणाला बरं. काल सकाळी मेसेज आला: “96 mm.” COUNT नं 5 दाखवलं.