अक्काशी अबोला सोडायला जाण्याआधी

आपल्या सीमाभागात भावाबहिणीच्या अबोल्याचं मूळ बरेचदा हक्कसोड पत्रात सापडतं. भाऊ खानापूरकडचा, अक्का चंदगडला दिलेली. वडील गेल्यावर वर्षाच्या आत तिच्यापुढं सहीचा कागद सरकवला, ती उठून गेली, तेव्हापासून बोलणं बंद. तयारी भावानं करायची, असं धरून लिहितो.

आधी स्वतःशी ठरवा, सही हवी आहे की अक्का. सहीसाठी गेलात तर पहिल्या चहातच तिला ते कळतं. 2005 च्या कायदादुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, आणि लग्न होऊन महाराष्ट्रात गेली म्हणून तो जात नाही. हे मनाला पटलं नसेल तर थोडं थांबा, कारण मग ‘तुझ्या लग्नाला एवढा खर्च केला’ हे तोंडातून निघतंच. दावा पडला असेल तर आधी वकिलांना विचारा.

भाऊबीजेचा मुहूर्त नको. तिच्या घरी दीर, जावा, नणंदा असतात आणि सगळ्यांसमोर तिला ओवाळावंच लागतं. त्याआधीचा एखादा साधा दिवस बरा.

अचानक दारात उभं राहू नका. आधी तिच्या एकटीच्या नंबरवर मेसेज करा, भावकीच्या ग्रुपवर नाही. इतकंच पुरे: ‘अक्का, बाबा गेल्यावर तुला न विचारता कागद पुढं केला, ते चुकलं. तुला भेटायला यायचं आहे. जमिनीचं काही बोलणार नाही. कधी येऊ?’ यात ‘पण’ नाही, ‘तूसुद्धा’ नाही, ‘माफ कर’ही नाही. 2016 मध्ये लेविकी नावाच्या संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माफीच्या सहा भागांची तुलना केली होती. त्यात स्वतःकडं दोष घेणं सगळ्यात परिणामकारक ठरलं आणि क्षमा मागणं सगळ्यात कमी. मला ते पटतं, कारण क्षमा मागितली की उत्तराचं ओझं लगेच समोरच्यावर पडतं.

तिनं ये म्हटलं तर एकटेच जा. मामाला मध्यस्थ म्हणून नेऊ नका, मामा आला की पंचायत बसते. बेळगावातून कुंदा घ्या. उताऱ्याची झेरॉक्स घरीच राहू दे. परतीची बस आधीच बघून ठेवा आणि अर्ध्या तासात उठा. ती जुनं काढेल. तारखा चुकल्या, तपशील वाढला, तरी दुरुस्त करू नका. ‘तुला तेव्हा तसं वाटलं असणारच’ एवढं म्हणून ऐका. जमिनीचा विषय तिनंच काढला तर ‘त्यासाठी वेगळा येईन, तुझा वकील घेऊन बस’ म्हणा.

निळ्या खुणा दिसूनही उत्तर आलं नाही, तर तो नकारच असतो असं नाही; घरात कुणाशी बोलून ठरवत असेल. महिनाभर गप्प राहा. मग एकदाच, गावच्या जत्रेची तारीख कळवण्यापुरता मेसेज करा. त्यालाही उत्तर नाही आलं तर तिसरा पाठवू नका, आणि भाचीकडून निरोप तर मुळीच नको.