पुण्याच्या तक्रारींवर विनोदी बातमीपत्र कसं लिहावं

सोसायटीचा गणेशोत्सव असो की कॉलेजचं गॅदरिंग, विनोदी बातमीपत्र ठरलेलं असतं आणि बहुतेक वेळा ते पडतं. याचं कारण 'भाषा मजेशीर करा, पंच टाका' हा सल्ला. तो ऐकू नका. बातमीपत्राची भाषा जितकी गंभीर, तितका हशा मोठा.

पाच मिनिटांची लांबी पुरते. बातम्या वाचताना मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द जातात आणि हशासाठी थांबावं लागतं, म्हणून पाचशे शब्दांच्या आत राहा. ठळक बातम्या, पाणी, खड्डे, ट्रॅफिक, हवामान आणि पुन्हा ठळक बातम्या, असा साचा ठेवा. वाहिनीचं नाव स्वतः तयार करा.

खरी कसोटी पाण्याच्या बातमीत लागते. माझीही गाडी इथेच अडायची. पाण्यावर लिहायला बसलं की माणूस चिडतो आणि दोन ओळींत बातमीचं भाषण होतं. 'पुणेकरांनो, आता अंघोळ विसरा!' हे वाक्य निवेदकाच्या तोंडी शोभत नाही. ते रांगेत उभ्या माणसाचं वाक्य आहे.

त्यापेक्षा वर्तमानपत्रात येणारं पाणीकपातीचं निवेदन समोर ठेवा. पुणेकरांना ते तोंडपाठ आहे: 'देखभाल-दुरुस्तीच्या कामासाठी गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील. शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल. नागरिकांनी सहकार्य करावे.' यातला शब्दही बदलू नका. फक्त एक वाक्य जोडा: 'ज्या भागांत एरवीही उशिरा आणि कमी दाबाने पाणी येते, तेथे ते नेहमीप्रमाणे येईल.' हशा इथे पिकतो, कारण जोडलेलं वाक्य खरं आहे आणि त्याच थंड आवाजात आलं आहे.

पुढचं वाक्य याच तर्काच्या पोटातून यायला हवं. इथे बहुतेक जण टँकरकडे, मग धरणाकडे, मग निवडणुकीकडे उड्या मारतात आणि बातमी विस्कटते. नेहमीचं पाणी आणि कपातीचं पाणी यांत फरक उरला नाही, हा आपला धागा. मग प्रशासन काय म्हणेल? 'दोन्हींतील फरक ओळखता यावा, यासाठी कपातीच्या दिवशी भोंगा वाजवण्यात येणार आहे.' आणि शेवट: 'भोंग्याच्या दुरुस्तीसाठी येत्या गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील.' बातमी जिथून निघाली तिथेच येऊन थांबली. यापुढे एक वाक्यही नको.

ओळ जमली की नाही, हे तपासायची पद्धत सोपी आहे. ती आकाशवाणीच्या सकाळच्या बातम्यांच्या चालीत मोठ्याने वाचा. कुठे उद्गारचिन्हाची गरज भासली, तर ती ओळ तुमची आहे, निवेदकाची नाही. ती काढा. 'करण्यात आले', 'असे कळते', 'नागरिकांनी नोंद घ्यावी' ही सरकारी वळणं मात्र भरपूर वापरा. कुणीच काही केलं नाही, तरी सगळं 'करण्यात आलं' असं ती सांगतात. आपला टोमणा तोच आहे.

एक इशारा गांभीर्याने घ्या. पाणीकपातीची खोटी बातमी लोक खरी मानतात. कुणी तेवढाच तुकडा कापून व्हॉट्सअॅपवर टाकला, तर आजीआजोबा रात्री उठून पिंपं भरत बसतील. म्हणून तारीख आणि खऱ्या पेठेचं नाव एकत्र देऊ नका. भोंग्यासारखी अशक्य गोष्ट प्रत्येक बातमीत हवीच. कुणा खऱ्या माणसाच्या तोंडी वाक्य घालू नका आणि व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या कर्मचाऱ्याची टिंगल करू नका. चूक निर्णयाची असते, पान्याची नसते.

खड्ड्यांची बातमी लिहिताना रस्त्यावर जाऊन बघा. पावसातच बुजवलेल्या खड्ड्याची खडी थोड्याच दिवसांत सुटते, रस्ताभर पसरते आणि तिच्यावरून दुचाकी घसरते. काही ठिकाणी डांबर इतकं ओततात की खड्ड्याचा उंचवटा होतो. एवढंच सांगा: 'खड्डा बुजवण्यात आला असून त्याच जागी गतिरोधकाचे लोकार्पण झाले.'

ट्रॅफिकमध्ये वार्ताहर अडकला, हा विनोद टाळा. प्रेक्षकांना तो आधीच कळतो. त्याऐवजी वार्ताहर सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता वेळेवर पोचतो. स्टुडिओतून विचारतात, 'आपण कोणत्या रस्त्याने आलात?' तो सांगायला साफ नकार देतो: 'उद्यापासून सगळे तिथूनच येतील.'

हवामानाला दोन ओळी पुरेत. तालमीत निवेदकाला हसू आलं, तर ते येऊ द्या. प्रयोगात मात्र तो हसला की प्रेक्षक हसायचे थांबतात. म्हणून आपल्यातल्या सगळ्यात गंभीर चेहऱ्याच्या माणसाला निवेदक करा आणि गटातल्या विनोदी माणसाला हवामान द्या.