मंगळवारी तीनची मोठी रूम नक्की कुणाची?

नोकरीला लागून मला चारच महिने झाले होते. आमच्या मजल्यावर व्हिडिओ कॉलची सोय असलेली मोठी मीटिंग रूम एकच होती. ३१ मार्चच्या मंगळवारी दुपारी तीनला आम्ही नऊजण आढावा बैठकीसाठी तिथे पोहोचलो, तर आत दुसऱ्या टीमचे चौघे ग्राहकाशी कॉलवर. मी काचेवर टकटक केली. त्यांनी हातानेच 'आमचं बुकिंग आहे' अशी खूण केली. आमच्या सगळ्यांच्या कॅलेंडरमध्येही रूमचं नाव स्पष्ट दिसत होतं.

जागेवर येऊन मी रागातच मेल लिहिला. "ही रूम जानेवारीपासून आमच्या नावावर आहे. कृपया यापुढे बुकिंग तपासून बसावे." सीसीत दोन्ही टीमचे मॅनेजर. संध्याकाळपर्यंत त्या मेलवर अकरा उत्तरं आली. त्यांतलं एक असं होतं: "आमचं बुकिंग नोव्हेंबरपासून आहे." पुढच्या मंगळवारी रूम कुणाला मिळणार, याबद्दल अकरांत एक ओळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, खरं तर आदल्या दिवशीच करायला हवं होतं ते काम मी केलं. रूमचं स्वतःचं कॅलेंडर उघडलं. आपल्या कॅलेंडरमध्ये बैठकीसमोर रूमचं नाव दिसणं आणि रूमच्या कॅलेंडरमध्ये आपली बैठक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तोवर माहीत नव्हतं. रूमने नकार दिला तरी आमंत्रणातलं 'ठिकाण' तसंच राहतं आणि नऊजण भाबडेपणाने तिथे जाऊन उभे राहतात.

रूमच्या कॅलेंडरमध्ये ३१ मार्चला तीन ते चार त्यांचीच नोंद होती. पण मार्चभर त्यांची बैठक चार ते पाच होती, ती एक तास अलीकडे कशी सरकली? आमंत्रण पाहिल्यावर उलगडा झाला. त्यांची बैठक बोलावणाऱ्या समन्वयक युरोपातल्या कार्यालयात बसतात आणि त्यांनी ती त्यांच्या घड्याळाप्रमाणे सकाळी साडेअकराला लावली होती. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात. आमच्याकडे घड्याळ वर्षभर एकच. त्यांचे साडेअकरा तेच राहिले, आमच्याकडे मात्र चारचे तीन झाले. कुणी काहीही बदललं नव्हतं.

मग मी जानेवारीतला रूमचा स्वीकृतीचा मेल शोधून काढला. मी १७ मंगळवार मागितले होते. वर ठळक अक्षरांत 'स्वीकारले' आणि खाली बारीक अक्षरांत न मिळालेल्या पाच तारखा: ३१ मार्च आणि एप्रिलचे चारही मंगळवार. मी 'स्वीकारले' वाचून मेल बंद केला होता. (काही कार्यालयांत एक तारीख जरी अडली तरी सगळी मालिकाच नाकारली जाते. आमच्याकडे थोड्या तारखा अडल्या तर चालवून घेण्याची सोय होती आणि तीच नडली.) म्हणजे रूम आमची नव्हतीच.

त्यांच्या सरकण्यामुळे चार ते पाच रिकामी झाली होती, त्यामुळे आमची सोय तिथे होत होती. अडचण एकाच तारखेची होती. ७ एप्रिलला आमचं प्रात्यक्षिक होतं, पाहायला येणारे वरिष्ठ तीनलाच मोकळे होते आणि नऊजणांना छोटी रूम पुरत नव्हती. त्यांना मोठी रूम लागायची ती कॅमेऱ्यासाठी, माणसं चारच. म्हणून मी आधी सहाजणांची छोटी रूम त्या तासासाठी धरून ठेवली, आयटीकडून हलवता येणारा कॅमेरा-माइक संच मागून घेतला आणि त्यावर एक कॉल लावून पाहिला. मगच मेल लिहिला. जुन्या साखळीत नाही, नवा:

"विषय: मंगळवार ७ एप्रिल, मोठी रूम, एका दिवसापुरती विनंती

नमस्कार,
काल मी लिहिलं ते चूक होतं. एप्रिलच्या मंगळवारी ३ ते ४ ही वेळ तुमच्याच नावावर आहे. माझ्या बुकिंगमधून या तारखा जानेवारीतच वगळल्या होत्या, ते मी पाहिलं नाही. तुमची बैठक घड्याळबदलामुळे इथे एक तास अलीकडे आली आहे, म्हणून गोंधळ झाला.
१४, २१ आणि २८ एप्रिलला आम्ही ४.१० ला बसू.
फक्त ७ एप्रिलला ३ ते ४ (तुमच्याकडे ११.३० ते १२.३०) मोठी रूम आम्हाला देता येईल का? तुमच्या चौघांसाठी छोटी रूम आणि कॅमेरा संच मी घेऊन ठेवला आहे, आज चालवून पाहिला आहे.
शुक्रवारी दुपारपर्यंत कळवाल का? जमणार नसेल किंवा उत्तर आलं नाही, तर आम्ही आमचा कार्यक्रम पुढे ढकलू."

मेल त्या समन्वयकांना आणि इथल्या टीमप्रमुखांना, सीसीत फक्त माझे टीमप्रमुख. मालिकेतली नोंद ज्याने ती लावली त्यालाच बदलता येते, त्यामुळे समन्वयक 'प्रति'मध्ये असणं गरजेचं होतं. मॅनेजरांना मुद्दाम वगळलं. ते असले की माणूस प्रश्नाला उत्तर देत नाही, स्वतःची बाजू मांडतो. ४.१० का, तर ग्राहकाचा कॉल कधीच वेळेवर संपत नाही. दर आठवड्याला दारात उभं राहण्यापेक्षा ती दहा मिनिटं आपणच सोडलेली बरी.

शेवटच्या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. आधी लिहिलं होतं, 'उत्तर न आल्यास संमती आहे असं समजू.' टीममधल्या एका जुन्या सहकाऱ्यांनी ते खोडायला लावलं. "अरे, नोंद त्यांच्या नावावर आहे. ते गप्प राहिले तर तोटा तुझा व्हायला हवा, त्यांचा नाही." नोंद माझी असती तर उलटं लिहिता आलं असतं.

दोन तासांत होकार आला. पण मेलवर ठरल्याने रूम हलत नाही. त्यांनी नोंद सोडायची आणि मी लगेच बुक करायची, मधल्या वेळात तिसरं कुणी घुसू शकतं. म्हणून आम्ही चॅटवर वेळ ठरवून ते केलं. त्यांनी रूम काढली, मी ७ तारीख घेतली. सवयीने १४ तारीखही पाहिली, तर तीही तीन ते चार रिकामी. त्यांनी एका दिवसाऐवजी सगळ्या मालिकेतूनच रूम काढली होती. तीनची वेळ पुन्हा हवी होती ती आम्हालाच, आणि त्या क्षणी ती घेता आली असती. मी त्यांना कळवलं, त्यांनी बाकीच्या तारखा पुन्हा घेतल्या. नंतर त्यांनी माझ्या मेलला कधी उशीर लावला नाही, त्यामागे हेच असावं.

एप्रिलअखेर आमचं बुकिंग संपल्यावर ४.१० ची नवी मालिका लावली, ती फक्त २० ऑक्टोबरपर्यंत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, २५ तारखेला, त्यांची घड्याळं मागे येतात आणि त्यांची बैठक पुन्हा चारला जाते. २७ पासूनचे मंगळवार मी वेगळे, तीन ते चार मागितले. या वेळी स्वीकृतीचा मेल शेवटपर्यंत वाचला. खाली एकही तारीख नव्हती.