फळ्याच्या फोटोतलं घातांकाचं उदाहरण कसं सोडवावं

परवा रात्री भाच्याने फळ्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, माझं उत्तर पुस्तकाच्या बरोबर उलटं येतंय." पुस्तकात 4x⁴ / (9y⁶) होतं, त्याच्या वहीत 9y⁶ / (4x⁴). गुन्हेगार कुठे आहे हे 'उलटं' या एका शब्दात कळलं. उदाहरण असं होतं:

```
( 27x⁻³y⁶ / 8x³y⁻³ )^(−2/3)
```

कंसाबाहेरच्या 2/3 आधीची वजा खूण फोटोत कंसाच्या रेषेला चिकटली होती. त्याने घातांक नुसता 2/3 घेतला. बाहेरच्या घातांकाचं चिन्ह बदललं की उत्तराचा अंश छेदात जातो आणि छेद अंशात, म्हणून इतकं नेमकं उलटं उत्तर आलं.

तेव्हा पहिली पायरी म्हणजे फोटो मोठा करून उदाहरण कागदावर स्वच्छ उतरवून घेणे. प्रत्येक बारीक आकड्यापुढे वजा आहे का ते पाहा. बाहेरचा घातांक पूर्ण कंसाला आहे की फक्त छेदाला, तेही पाहा. अंधुक आकडा ओळखायची एक खूणही आहे. बाहेरच्या घातांकाच्या छेदात 3 असेल, तर घनमूळ काढायचं आहे. शाळेच्या उदाहरणात अशा वेळी आतल्या संख्या बहुधा पूर्ण घन असतात. इथे 27 म्हणजे 3³ आणि 8 म्हणजे 2³. y⁶ ऐवजी y⁸ वाचलंत तर शेवटी y चा घातांक 22/3 असा विचित्र येईल. तेव्हा फोटो पुन्हा बघायचा. मात्र y⁻³ चं y³ वाचलं गेलं, तर ही खूण काही सांगणार नाही. दोन्हीकडे आकडे सरळच येतात.

दुसरी पायरी कंसाच्या आत. पाया सारखा असेल तर भागाकारात वरच्या घातांकातून खालचा वजा होतो. x साठी −3 − 3 = −6. y साठी 6 − (−3), म्हणजे 6 + 3 = 9. वजा संख्या वजा करताना इथे घाई केली की 3 येतात. आता x⁻⁶ ला छेदात नेऊ:

```
( 27y⁹ / 8x⁶ )^(−2/3)
```

x बरोबर 27 लाही खाली ढकलण्याची चूक फार होते. 27x⁻³ मध्ये −3 हा घातांक एकट्या x चा आहे, 27 जागचा हलत नाही. (27x)⁻³ असं कंसात असतं तर गोष्ट वेगळी.

तिसऱ्या पायरीत बाहेरचा −2/3. हा एक घातांक नसून तीन कामं आहेत असं समजा. वजा म्हणजे कंस उलटा करा, खालचा 3 म्हणजे घनमूळ काढा, वरचा 2 म्हणजे वर्ग करा.

```
उलटा    : ( 8x⁶ / 27y⁹ )^(2/3)
घनमूळ   : ( 2x² / 3y³ )²
वर्ग     : 4x⁴ / (9y⁶)
```

वर्ग आधी केला तरी उत्तर तेच येतं, पण मग 729 चं घनमूळ शोधत बसावं लागतं. आधी मूळ काढलं की आकडे लहान राहतात. आणि ऋण घातांकाने संख्या ऋण होत नाही: 27^(−2/3) म्हणजे 1/9, −9 नव्हे. x आणि y शून्य नाहीत हे गृहीत आहे, नाहीतर छेदच शून्य होईल. अपूर्णांकी घातांक असल्याने ते धन आहेत असंही धरतात.

आता पडताळा. x = 2, y = 1 घ्या. मूळ कंसात 27/8 भागिले 64, म्हणजे 27/512 येतं. उलटं करून 512/27, त्याचं घनमूळ 8/3, वर्ग 64/9. उत्तरात घातलं तर 4 × 16 / 9, तेही 64/9. मग x = 1, y = 2 घ्या: कंसात 1728 येतं, म्हणजे 12 चा घन, आणि शेवटी 1/144. उत्तरातून 4/576, तेच. दोन्ही चलांना एकच किंमत देऊ नका. x आणि y दोघांचेही घातांक चुकून दोनने वाढले, तर अशा पडताळ्यात ती चूक लपून जाते.

भाच्याला मी फक्त एवढंच लिहिलं: "कंसाबाहेरचा 2/3 मोठा करून बघ." दोन मिनिटांनी त्याचं उत्तर आलं, "अरे, ती रेघ वजा होती होय!"