बदली होऊन महाराष्ट्रात आलात? मुलाच्या भाषा ठरवताना या चुका टाळा

परराज्यातून बदली झाली की पालक आधी घर शोधतात, मग शाळा. मुलाच्या भाषांचा विचार मात्र पहिल्या घटक चाचणीचे पेपर हातात पडल्यावर सुरू होतो. आठवीपर्यंत ही दिरंगाई खपून जाते. नववी-दहावीत ती महागात पडते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ‘सीबीएसईत घातलं म्हणजे मराठी टळली’ असं धरून चालणं. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली आहे. न शिकवणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारकडे आहे, मुख्याध्यापकांकडे नाही. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी कुणी तोंडी ‘बघू, करून देऊ’ म्हणालं, तर त्यावर विसंबू नका.

याच्याच जोडीला पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जुना शासन निर्णय अजून फिरत असतो: मराठीला गुण नाहीत, फक्त श्रेणी, आणि ती एकूण निकालात धरायची नाही. निर्णय खरा आहे, एप्रिल 2023 चा. पण तो इतर मंडळांच्या शाळांतल्या एकाच तुकडीसाठी होता, 2022-23 मध्ये आठवीत असलेल्या मुलांसाठी. कोविडमध्ये त्यांचा पाया कच्चा राहिला म्हणून ती सवलत मिळाली. ती मुलं 2024-25 मध्ये दहावी झाली. आज तो कागद शाळेत दाखवून काही हाती लागणार नाही.

आता एक उदाहरण नीट पाहू. समजा, मुलगी इंदूरहून नाशिकला आली. आठवीपर्यंत हिंदी, इंग्रजी आणि संस्कृत. मराठी शून्य. नववीला तिच्यापुढे दोन वाटा आहेत.

राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमात गेली तर इंग्रजी तिची प्रथम भाषा होईल, मराठी द्वितीय आणि हिंदी तिसरी. तिसऱ्या जागी हिंदी आणि संस्कृत संयुक्त घेता येतात, म्हणजे प्रत्येकी 50 गुण. संस्कृत झालेलं असल्याने हिला ते सोयीचं, अर्थात शाळेत संस्कृतचे शिक्षक असले तर. मराठीचे मात्र पूर्ण 100 गुण, त्यात 80 लेखी.

इथेच पुस्तकांचा घोळ होतो. दुकानात ‘नववीचं मराठी’ मागितलं की हातात ‘कुमारभारती’ पडतं. ते प्रथम भाषेचं पुस्तक. हिला हवं ‘अक्षरभारती’. हिंदीतही पूर्ण विषयाला ‘लोकभारती’ आणि संयुक्तला ‘लोकवाणी’ अशी वेगळी पुस्तकं आहेत. मुलगी दोन महिने भलतंच पुस्तक वाचत बसली, असं सहज घडतं. पुस्तक घेण्याआधी वर्गशिक्षकांकडून पुस्तकाचं नाव लिहून घ्या.

हिंदी येणाऱ्या मुलांना लिपी ओळखीची असते म्हणून घरचे निर्धास्त राहतात. मुलगी धडा घडाघडा वाचते, आणि लिहायला बसली की ‘माझी पुस्तक हरवली’ लिहून मोकळी होते. लिंग आणि विभक्ती, गुण गळतात ते इथे. शिकवणी लावायचीच असेल तर लेखनाची लावा, वाचनाची नव्हे.

दुसरी वाट सीबीएसईची. तिथे दहावीला दोन भाषा बंधनकारक असतात, त्यातली एक हिंदी किंवा इंग्रजी हवी. या मुलीने हिंदी-इंग्रजी घेतलं तर मराठी शाळेत शिकावी लागेल, पण बोर्डाच्या त्या दोन भाषांत ती येणार नाही. माझ्या मते तीन वर्षांत पुन्हा बदली व्हायची शक्यता असेल तर हीच वाट बरी. पण हिंदीचा अभ्यासक्रम ‘अ’ (कोड 002) की ‘ब’ (कोड 085), हे नववीच्या नोंदणीआधीच पक्कं करा. नववी-दहावी तिथे एकसलग धरतात. दहावीत भाषा बदलायला निघालात तर बहुतेक वेळा नकारच येतो.

अध्ययन अक्षमता किंवा अन्य दिव्यांगत्व असलेल्या मुलांना भाषेत मिळणारी सवलत हा निराळा विषय आहे. बदलीशी तिचा संबंध नाही. तिच्यासाठी अधिकृत सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, खाजगी समुपदेशकाचा अहवाल पुरत नाही. अर्ज शाळेमार्फतच जातो. आधीच्या राज्यात सवलत होती म्हणून इथे आपोआप चालू राहील असं समजू नका, पहिल्याच महिन्यात शाळेला विचारा.

राज्य मंडळात दहावीचे अर्ज भरून झाले की शाळेकडे प्री-लिस्ट येते. मुलीच्या नावापुढचे भाषाविषय स्वतः वाचा. ‘द्वितीय’च्या जागी ‘प्रथम’ पडलं असेल तर ते तेव्हाच दुरुस्त करून घ्या. हॉलतिकीट आल्यावर तीच दुरुस्ती विभागीय मंडळात खेटे घालायला लावते.

आणि दहावी बाहेरच्या मंडळातून करून इथे अकरावीला येणार असाल, तर विभागीय मंडळाचं पात्रता प्रमाणपत्र लागतं. त्याची चौकशी प्रवेश घेतानाच कॉलेजच्या कार्यालयात करा. भाषेचा ताण मात्र तिथे कमी: इंग्रजी सक्तीची, आणि दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान घेता येतं, कॉलेजात तो विषय असेल तर.