इंग्रजीच्या पेपरात आजीचं शब्दचित्र कसं लिहायचं, एक पूर्ण नमुना घेऊन

सीबीएसईच्या नववीच्या इंग्रजीत डिस्क्रिप्टिव्ह पॅराग्राफ येतो, 100 ते 120 शब्द, 5 मार्क. व्यक्ती, प्रसंग किंवा परिस्थिती यातलं काहीतरी विचारतात आणि व्यक्ती आली की मुलं हमखास आजीवर लिहितात, कारण घरातलं सगळ्यात जवळचं आणि जरा वेगळं माणूस तेच असतं. माझ्याकडे शिकायला येणारी बहुतेक मुलं पहिल्यांदा जे लिहून आणतात त्यात आजी सत्तर वर्षांची असते, केस चांदीसारखे, चेहऱ्यावर सुरकुत्या, ती गोष्टी सांगते, लाडू करते, ती घराचा कणा आहे आणि आय लव्ह हर व्हेरी मच. यात चूक एकही नाही, पण यात आजीही नाही. वर्गातल्या चाळीस मुलांच्या नावावर तो पॅराग्राफ खपेल, आणि तपासणाऱ्या बाईंनी तो त्या दिवशी आधीच वीस वेळा वाचलेला असतो.

आता पहिली पायरी. इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठीतच कच्च्या कागदावर लिहा की आजी दिवसभर काय करते. ती कशी आहे हे लिहायचं नाही. प्रेमळ, कष्टाळू, धार्मिक असले शब्द या कागदावर येऊच द्यायचे नाहीत, फक्त क्रियापदं आणि वस्तू. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधते. दुधाच्या पिशव्या धुऊन खिडकीत वाळत घालते. कॅलेंडरवर सगळं लिहून ठेवते. फोन आला की उभी राहून बोलते. असं आठ-दहा गोष्टींचं टिपण पाच मिनिटांत होतं आणि एवढा वेळ दिला की पुढचं लिखाण निम्म्या वेळात होतं, परीक्षेत सुद्धा.

दुसरी पायरी म्हणजे त्यातली एकच निवडायची, आणि मुलं इथेच अडतात कारण त्यांना सगळंच सांगायचं असतं. 120 शब्दांत साधारण आठ-नऊ वाक्यं बसतात. त्यात पूजा पण, स्वयंपाक पण, गोष्टी पण आणि आजारपण पण घातलं की प्रत्येकाला एकेकच वाक्य मिळतं आणि कुठलंच चित्र उभं राहत नाही. कुठली सवय निवडायची हे ठरवायला मी एक कसोटी लावते : त्या सवयीत हातात धरता येईल अशी एखादी वस्तू आहे का, आणि त्या सवयीमुळे घरात कधी काही घडलं होतं का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर तीच घ्यायची. पिशव्या वाळत घालण्यात वस्तू आहे पण घडलेलं काही आठवत नाही. कॅलेंडरच्या बाबतीत दोन्ही आहे. आपल्याकडे कितीतरी घरांत स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर म्हणजे घराचं दप्तर असतं, दुधाचा खाडा, सिलिंडर कधी लावला, पेपरवाल्याला किती दिले, सगळं त्या चौकोनांत. आणि महिनाअखेरीला दूधवाल्याशी हिशोबावरून जे बोलणं होतं तोच आपला प्रसंग.

तिसरी पायरी, पहिलं वाक्य. माय ग्रँडमदर्स नेम इज असं सुरू करायचं नाही, वयापासूनही नाही. त्या वस्तूपासून सुरू करा. खाली पूर्ण नमुना देते. इंग्रजी मुद्दाम देवनागरीत लिहिलंय, म्हणजे आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवता येईल आणि मुलाने ते ऐकून वहीत इंग्रजी लिपीत लिहायचं, स्पेलिंगचीही प्रॅक्टिस होते.

> अ बॉल पेन हँग्ज ऑन अ थ्रेड बिसाइड अवर किचन कॅलेंडर, अँड नोबडी एक्सेप्ट माय ग्रँडमदर इज अलाउड टू टच इट. शी इज सेव्हंटी-टू, शॉर्ट अँड अ लिटल बेंट, सो शी स्टँड्स ऑन हर टोज टू रीच द टॉप रो. इन ईच स्क्वेअर शी राइट्स व्हॉटेव्हर द हाउस मस्ट रिमेंबर : नो मिल्क, न्यू गॅस सिलिंडर, बाबाज ब्लड टेस्ट. लास्ट मार्च अवर मिल्कमन आस्क्ड फॉर थर्टी-वन डेज मनी. आजी पुश्ड अप हर ग्लासेस, पुट हर फिंगर ऑन थ्री स्क्वेअर्स अँड सेड नथिंग. ही लाफ्ड अँड रिड्यूस्ड द बिल. देन शी मेड हिम सिट अँड गेव्ह हिम टी. अॅट होम नोबडी आर्ग्यूज अबाउट डेट्स नाउ. वी जस्ट लुक अॅट द वॉल.

हे 109 शब्द आहेत. आता ते कसं जुळवलंय ते बघा.

रूपाचं वर्णन दुसऱ्या वाक्यात आलंय, पण नुसतं बुटकी आणि वाकलेली म्हणून सोडलेलं नाही. ती बुटकी आहे म्हणून वरच्या ओळीपर्यंत पोचायला टाचा उंच करते. म्हणजे उंची सांगितली आणि त्याच वाक्यात ती हललीसुद्धा. चष्म्याचंही तसंच, शी वेअर्स ग्लासेस असं वेगळं वाक्य खर्च न करता भांडणाच्या ऐन वेळी तिने तो वर सारला. दिसण्यातली जी गोष्ट कामाला लागत नाही ती सोडून द्यायची. पांढरे केस इथे नाहीत, कारण कॅलेंडरवर लिहायला त्यांचा काही उपयोग नाही आणि बहात्तर म्हटल्यावर वाचणाऱ्याला ते दिसतातच.

स्वभावाचं म्हणाल तर आजी काटेकोर आहे हे कुठेच लिहिलेलं नाही. तीन चौकोनांवर बोट ठेवून ती गप्प राहते, एवढ्यातच ते कळतं. आणि एकच वाक्य सोडून त्याच दूधवाल्याला बसवून चहा देते. हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नुसती हिशोबी आजी एकाच बाजूची झाली असती, चहामुळे दुसरी बाजू आली आणि माणूस पुरा झाला. तुम्ही जी सवय निवडाल तिच्या उलट दिशेने जाणारी एक छोटीशी कृती शोधा, कडक आजी असेल तर ती कुठे विरघळते आणि भित्री असेल तर कुठे ठाम उभी राहते, ते.

एक बारीक गोष्ट, मार्च मुद्दाम घेतलाय. एकतीस दिवसांचे पैसे मागायचे तर महिना एकतीसचा हवा, एप्रिल लिहिला असता तर चौकस वाचक तिथेच थांबला असता. प्रसंग थोडा बदलून रचला तरी चालतं, परीक्षेत कोणी पुरावा मागत नाही, पण आतले आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत.

आता काळ, म्हणजे टेन्स, इथे सगळ्यात जास्त मार्क जातात. सवयीची वाक्यं सिंपल प्रेझेंटमध्ये : हँग्ज, स्टँड्स, राइट्स. एकदाच घडलेला प्रसंग सिंपल पास्टमध्ये : आस्क्ड, पुश्ड, लाफ्ड, गेव्ह. मुलं मधेच प्रसंगात शी टेल्स हिम लिहून टाकतात, कारण मराठीत आपण गप्पा मारताना 'मग काय, आजी सरळ कॅलेंडरच दाखवते' असं वर्तमानात सहज बोलतो. म्हणून वळणावर एक पाटी लावायची, इथे ती लास्ट मार्च ही आहे. ती आली की भूतकाळ सुरू, आणि शेवटून दुसऱ्या वाक्यात, जिथे नाउ आहे, तिथून परत वर्तमान. लिहून झालं की प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलने रेघ मारून बघा, पाटीच्या अलीकडचं पलीकडे गेलेलं लगेच दिसतं. त्याच फेरीत आणखी दोन गोष्टी बघायच्या : शी राइट असं लिहून शेवटचा एस विसरलाय का, आणि शी इज हॅविंग व्हाइट हेअर्स असलं काही आलंय का, ते शी हॅज व्हाइट हेअर असंच हवं.

प्रश्नात कधी मुद्दे दिलेले असतात, कधी चित्र असतं. मुद्दे दिले असतील तर ते गाळून चालणार नाही, कितीही छान लिहिलं तरी. समजा वय, दिसणं, कडक, मायाळू असे चार मुद्दे आलेत. वय आणि दिसणं आपल्या नमुन्यात आहेच. कडक आणि मायाळू कृतीतून दिसतं, पण घाईत तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटू नये म्हणून चहाच्या वाक्यानंतर एक सरळ वाक्य टाकायचं : शी इज स्ट्रिक्ट अबाउट अकाउंट्स अँड काइंड टू पीपल. नऊ शब्द वाढले, एकूण 118, अजून मर्यादेत. हे वाक्य प्रसंगाच्या नंतर यायला हवं. आधी लिहिलं तर प्रसंग नुसता उदाहरण म्हणून उरतो आणि वाचायची उत्सुकता जाते.

शब्द जास्त झाले तर आधी व्हेरी, रिअली, ऑल्वेज हे शोधून काढा, मग असं वाक्य शोधा जे शेजारच्या मुलाच्या आजीलाही लागू पडेल, ते बिनदिक्कत काढा. कमी पडले तर नवीन गुण घालू नका, असलेल्या चौकोनात अजून एक नोंद घाला. आणि सगळं एकाच परिच्छेदात, पॅराग्राफ विचारलाय तर मधे ओळ सोडून दोन तुकडे करायचे नाहीत.

आयसीएसईच्या दहावीच्या मुलांना हेच 300 ते 350 शब्दांत लिहावं लागतं, 20 मार्कांना, आणि तिथे पाणी घालून वाढवलेलं लगेच कळतं. त्यांनी सवय तीच ठेवावी पण प्रसंग दोन घ्यावेत, दुसरा पहिल्यापेक्षा वेगळा काही सांगणारा. याच आजीचं उदाहरण घ्यायचं तर सगळ्यांच्या तारखा लिहिणारी ही बाई स्वतःच्या डोळ्यांच्या तपासणीची तारीख कधीच लिहीत नाही, म्हणून नातीने एक दिवस तो दोऱ्याला बांधलेला पेन उचलून ती लिहिली, मग आजी काय म्हणाली, एवढा भाग शे-सव्वाशे शब्द सहज घेतो. तिथे परिच्छेद तीन-चार करायचे, संवाद एक-दोन ओळींपेक्षा जास्त नको कारण अवतरणचिन्हं आणि स्वल्पविराम चुकायला लागतात, आणि दुसऱ्या प्रसंगाआधी पुन्हा एक काळाची पाटी लावायला विसरायचं नाही.