मांडीवर टॉवेल घेऊन आलेला पेशंट

रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी सोलापुरात कॅज्युअल्टीला असताना एक चूक माझ्या हातून झाली. नव्याने ड्युटी सुरू करणाऱ्यांना ती उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

अक्कलकोट रोडवरच्या यंत्रमागावर काम करणारे, पंचेचाळिशीचे एक काका रात्री अकराला आले. पाच दिवस उजवी खालची दाढ दुखत होती. मिश्री दाबून, मेडिकलमधून गोळ्या घेऊन त्यांनी दिवस काढले होते. शुगरचं औषध दोन महिन्यांपासून बंद. हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी सूज होती आणि ते पुढे वाकून, मांडीवर टॉवेल घेऊन बसले होते. टॉवेल लाळेने भिजला होता. लाळ जास्त तयार होत नव्हती, गिळताच येत नसल्यामुळे ती बाहेर येत होती. हे मला नंतर उमगलं.

ऑक्सिजन ९८ टक्के. मी निवांत झालो आणि म्हणालो, "काका, जरा आडवे व्हा, गळा बघतो." पाठ टेकते न टेकते तोच ते धडपडून उठले, डोळे विस्फारलेले. घशातून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. मावशींनी खांद्याला धरून त्यांना बसवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की ते अजून आठवतं.

हा लुडविग्ज अँजायना. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये त्याचं वर्णन केलं. अँजायना म्हणजे इथे गळा आवळल्यासारखं होणं, हृदयाशी त्याचा संबंध नाही. तोंडाच्या तळाला एक स्नायू झोळीसारखा ताणलेला असतो. खालच्या दुसऱ्या-तिसऱ्या दाढांची मुळं बहुतेक वेळा या झोळीच्या कडेच्याही खाली पोचतात. त्यामुळे तिथला जंतुसंसर्ग आधी जबड्याखाली उतरतो आणि स्नायूच्या मागच्या कडेला वळसा घालून जिभेखाली शिरतो. बोटाने दाबलं तर सूज लाकडासारखी कडक लागते, कारण सुरुवातीला पू साठलेला नसतो, सगळ्या मऊ भागातच दाह पसरलेला असतो. मग जिभेला जागा उरते ती वर आणि मागे, म्हणजे श्वासाच्याच वाटेवर.

म्हणून ९८ या आकड्याला अर्थ नव्हता. वाट अरुंद झाली तरी माणूस जोर लावून श्वास घेत राहतो, तोवर ऑक्सिजन टिकतो. तो उतरायला लागतो तेव्हा हाताशी मिनिटंच उरतात.

मी सीटी स्कॅनचा फॉर्म भरत होतो. भूल विभागाच्या मॅडम आल्या, टॉवेलकडे पाहिलं आणि फॉर्म बाजूला सारला. "सीटीला आडवं कोण करणार? तू?" फॉर्म तसाच राहिला. शिरेतून अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड सुरू झालं, पण त्यांच्या असराची वाट पाहत कोणी थांबलं नाही. काकांना बसलेल्या अवस्थेतच ओटीत नेलं.

भुलीचं इंजेक्शन देऊन पटकन नळी घालू, असं मला वाटत होतं. ते का चालत नाही हे मॅडमनी हात धुताना सांगितलं. एरवी लॅरिंगोस्कोप जिभेला खाली जबड्याच्या पोकळीत दाबतो, तेव्हा कुठे स्वरयंत्र दिसतं. इथे ती पोकळीच लाकूड झालेली, जीभ दाबायची कुठे? त्यात तोंड जेमतेम दीड बोट उघडत होतं. जागेपणी स्नायूंचा ताण वाट उघडी ठेवतो. औषधाने तो सैल पडला की जीभ मागे पडते आणि मास्कनेही हवा जात नाही.

मग जागेपणीच नळी घालायची ठरली. नाकात झायलोमेटाझोलिनचे थेंब, घशाला लिग्नोकेन, नाकाशी ऑक्सिजन. ईएनटीचे सर मानेवर खूण करून, ट्रेकिऑस्टॉमीचा ट्रे उघडून शेजारीच उभे होते. नाकातून दुर्बीण नेली तर सुजेत स्वरयंत्र एका बाजूला सरकलेलं. काकांना खोल श्वास घ्यायला सांगितल्यावर फट दिसली आणि साडेसहा नंबरची नळी आत गेली. मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडचा आलेख उमटल्यावरच त्यांना झोपवलं.

पुढे जबड्याखाली चिरे दिले. पू थोडाच, पण वास सडका. दाढ काढली. शुगर ३४० होती, इन्सुलिन चालू केलं. नळी चौथ्या दिवशी काढली, तीही नळीच्या कफच्या फुग्यातली हवा सोडल्यावर नळीभोवतून श्वास जातोय हे पाहून आणि ट्रे पुन्हा उघडा ठेवून.

आता तालुक्यावरून अशा पेशंटचा फोन आला की मी तीनच गोष्टी विचारतो. जीभ ओठांबाहेर येते का? थुंकी गिळता येते का? आडवं झोपवतं का? एकाचंही उत्तर "नाही" असं आलं, तर ॲम्ब्युलन्समध्ये बसवूनच आणा, झोपेचं इंजेक्शन देऊ नका, असं सांगतो. आणि पेशंट निघाल्याबरोबर ईएनटी व भूल, दोघांनाही उठवतो.